खालच्या घरात न पोचणारा ठेका

माझी भाची डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. दहावीची परीक्षा संपली आणि तिने रॉक ड्रमिंग शिकायला सुरुवात केली. वन बीएचके घरात खरा ड्रमसेट ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून बहिणीने तिला इलेक्ट्रॉनिक किट घेऊन दिलं. कानाला हेडफोन, समोर जाळीची पॅड, खिडक्या बंद, एवढी सगळी काळजी घेऊनही तिसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, चिंतेत होत्या. काकांची रात्रपाळी असते आणि ते दुपारी झोपतात. "अगं, वाजवण्याचा आवाज नाही गं येत," त्या म्हणाल्या, "पण वर कुणीतरी सारखं पाय आपटतंय असं वाटतं. छातीत धपधप होतं बघ."

बहिणीचा मला फोन आला, कारण मी गेली कित्येक वर्षं फ्लॅटमध्येच ड्रम वाजवत आलो आहे. काकूंच्या त्या एका वाक्यात सगळं निदान होतं. नवशिके आणि त्यांचे आईवडील हातांच्या आवाजाची काळजी करतात, पण शेजाऱ्याला त्रास होतो तो पायाचा.

आवाज घराबाहेर दोन वाटांनी जातो. एक वाट हवेची. स्टिक पॅडवर आपटली की होणारी टकटक हवेतून जाते, भिंतीला अडते, दार लावलं की आणखी कमी होते. दुसरी वाट बांधकामाची. बास ड्रमच्या पेडलवर पाय दाबला की बीटर पॅडवर आदळतो, तो धक्का स्टँडमधून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये उतरतो आणि खालच्या घराचं अख्खं छत एखाद्या मोठ्या पडद्यासारखं हलतं. आपल्याकडच्या इमारतींमध्ये फरशी थेट मसाल्यावर बसवलेली असते आणि मसाला थेट स्लॅबवर. मध्ये मऊ असं काहीच नसतं. त्यामुळे वर हेडफोन लावून बसलेल्या मुलीला आपण किती शांत वाजवतोय असं वाटतं आणि खाली धप् धप् चालू असतं. भिंतीला फोम चिकटवणं किंवा अंड्यांचे ट्रे लावणं या दुसऱ्या वाटेवर काडीचाही परिणाम करत नाही. सतरंजीही फारशी उपयोगी नाही. ती पायाची टकटक मऊ करते, पण जड धक्का तिच्या एवढ्याशा जाडीतून सरळ आरपार जातो.

म्हणून मी बहिणीला सांगितलं, की किट पंधरा दिवस झाकून ठेव आणि तिला नुसतं पॅड आणून दे.

प्रॅक्टिस पॅड म्हणजे लाकडी तबकडीवर बसवलेला रबराचा थर. बहुतेक पॅड आठ ते बारा इंचांची असतात. त्यात पाहायची गोष्ट एकच, स्टिकची उसळी. स्टिक सैल धरून पॅडवर टाकली तर ती स्वतःहून तीन-चार वेळा उडाली पाहिजे. ड्रम वाजवणं म्हणजे बरंचसं ही उसळी झेलणं असतं. एका फटक्यात दोन ठोके काढायचे, तर दुसरा ठोका मनगटाने मारायचा नसतो, उडालेली स्टिक बोटांनी परत खाली वळवायची असते. आवाज होऊ नये म्हणून काही जण उशीवर सराव करतात. उशी खरंच शांत असते, पण स्टिक तिच्यात रुतून बसते आणि प्रत्येक ठोका हाताने उचलावा लागतो. कधीतरी पाच मिनिटं मनगटाला व्यायाम म्हणून ठीक. रोज उशीवर शिकलेला हात मात्र खऱ्या ड्रमवर आवळून धरलेला दिसतो आणि ती सवय सोडवायला फार वेळ जातो.

पॅड कशावर ठेवता यालाही महत्त्व आहे. भाचीने ते अभ्यासाच्या टेबलावर ठेवलं होतं. टेबलाची फळी पोकळ कप्प्यावर बसलेली, म्हणून पॅडची बारीकशी टपटप डफासारखी घुमत होती आणि टेबलाचे चार पाय ती फरशीत नेऊन पोचवत होते. पॅड स्नेअरच्या स्टँडवर ठेवलं तर उत्तम. स्टँड नसेल तर खुर्चीवर जाड गोधडीची चौपदरी घडी आणि तिच्यावर पॅड.

पॅडवर काय वाजवायचं? आधी उजवा-डावा एकसारखे एकेरी ठोके, मग दुहेरी, मग पॅराडिडल, म्हणजे उ-डा-उ-उ, डा-उ-डा-डा. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावायचा आणि एका ठोक्यात एक, मग दोन, मग चार असं वाजवायचं. घरात कुणी तबला शिकलेलं असेल तर ते लगेच ओळखतील, ही आपली ठाय, दुगुण, चौगुणच आहे. तिच्यात हात डगमगतो तो नेमका लय बदलताना, म्हणून प्रत्येक लयीत फार वेळ न रेंगाळता चार-चार आवर्तनांनी खालीवर करत राहावं.

रॉकचा पाया असलेला ठेकाही एका पॅडवर बसवता येतो. चार मात्रांत आठ समान तुकडे मोजायचे: एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. उजव्या हाताचे आठही ठोके मांडीवर ठेवलेल्या उशीवर, ते हाय-हॅटच्या जागी. डाव्या हाताचा ठोका पॅडवर, दोनला आणि चारला, तो स्नेअर. उजवा पाय एकला आणि तीनला, तो बास ड्रम. पाय अनवाणी फरशीवर न आपटता गोधडीच्या घडीवर ठेवायचा आणि टाच टेकलेली ठेवून फक्त चवडा उचलायचा. उशीवर उसळी नाही हे इथे चालतं, कारण इथे शिकायचं आहे ते तीन अवयवांचं जुळणं. भाचीला पहिले चार दिवस तीनच्या वेळी पायाबरोबर डावा हातही पडायचा. लय ६० वरून ४५ वर आणली, प्रत्येक तुकडा तोंडाने मोजायला लावला, आणि पाचव्या दिवशी हात सुटला.

मग किटकडे वळलो. आजची इलेक्ट्रॉनिक किट बोटांना आणि मनगटांना जेवढी मऊ वाटतात तेवढी ती पूर्वी नव्हती. १९८१ साली आलेल्या सिमन्सच्या षटकोनी पॅडांवर कडक पॉलिकार्बोनेटचा पत्रा होता आणि त्यावर वाजवून मनगटं दुखल्याच्या तक्रारी ड्रमर करत. १९९७ साली रोलँडने टीडी-१० या किटमध्ये रबर किंवा प्लास्टिकऐवजी विणलेली जाळी ताणून बसवली. जाळीतून हवा आरपार जाते म्हणून आवाज फार कमी होतो, आणि ती खऱ्या चामड्यासारखी ताणता येते. खाली बसवलेला सेन्सर थरथर पकडतो आणि मॉड्यूल ती आवाजात बदलून हेडफोनला देतं. आता शिकाऊ किटमध्येही अशी जाळी मिळते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने निदान स्नेअर आणि टॉम तरी जाळीचे असलेलंच किट घ्यावं असं माझं मत आहे. झांजा मात्र रबराच्याच असतात आणि दुसऱ्या खोलीत अभ्यास करणाऱ्या भावाला ऐकू येते ती त्यांचीच टकटक. ती हवेतून येते, दार लावलं की भागतं.

उरतो तो पाय. काही किटमध्ये बीटरच नसतो, नुसतं दाबायचं पेडल असतं, आत बटण असल्यासारखं. ते फार शांत, पण बीटर आदळून मागे येतो तेव्हा पायाला जे जाणवतं ते त्यात नाही. उशीवर सराव केल्यासारखाच पाय अर्धवट शिकतो. घर भाड्याचं असेल, दर वर्षी सामान हलवावं लागत असेल, तर हा मार्ग पत्करावा. नाहीतर खरं पेडल, खरा बीटर ठेवावा आणि धक्का स्लॅबपर्यंत पोचण्याआधी अडवावा. पेडलखाली आणि स्टँडखाली ठेवायचे रबरी आधार तयार मिळतात, रोलँडचे 'नॉइज ईटर' त्यासाठीच आहेत. पण बसायचं स्टूल आणि वाजवणाऱ्याचं अंग यांचेही धक्के जमिनीत जातात, म्हणून मी सगळं किट एका तरंगत्या फळीवर चढवण्याच्या बाजूचा आहे. जगभरचे ड्रमर तो टेनिसच्या चेंडूंवर बनवतात.

आम्ही तो असा केला. प्लायवुडची पूर्ण शीट आठ बाय चार फुटांची असते. १८ मिलिमीटरची एक शीट आणून सुताराकडून मधोमध कापली, की चार बाय चारच्या दोन फळ्या मिळतात आणि शिकाऊ किट तेवढ्यात स्टुलासकट मावतं. खालच्या फळीला १४ भोकं पाडली, प्रत्येक ५० मिलिमीटर व्यासाचं. टेनिसचा चेंडू साडेसहा सेंटिमीटरहून थोडा मोठा असतो, त्यामुळे तो भोकात जेमतेम एक सेंटिमीटर उतरतो आणि कडेवर अडकून बसतो, फरशीला टेकत नाही. चार कोपऱ्यांत चार, चार कडांच्या मध्यावर चार, स्टुलाच्या जागेखाली चार आणि पेडलखाली दोन. वरच्या फळीच्या खालच्या अंगाला रबरी जाळीची चटई चिकटवली, म्हणजे ती चेंडूंवरून घसरत नाही. वर जुनी सतरंजी पसरली, कारण पेडल आणि स्टँडला पकड लागते. खालच्या फळीखाली योगासनाची मॅट घातली.

चौदाच चेंडू का, याचं उत्तर वजनात आहे. वरची फळी सुमारे १७ किलो, किट २०, स्टूल ५ आणि भाची ५०, मिळून ९२ किलो. चौदांत वाटलं तर चेंडूमागे साडेसहा किलो. टेनिसच्या नियमांनुसार नेहमीचा चेंडू आठ किलोंच्या भाराखाली साधारण साडेपाच ते साडेसात मिलिमीटर दबला पाहिजे. म्हणजे आपल्या फळीखाली तो चार-सहा मिलिमीटर दबतो. एवढ्या दबलेल्या स्प्रिंगवरची फळी हाताने दाबून सोडली तर सेकंदाला सात-आठ वेळा खालीवर होते. बास ड्रमच्या धक्क्यात जो धप् आवाज असतो, त्याची कंपनं सेकंदाला चाळीस, साठ, शंभर अशी असतात. स्प्रिंगच्या स्वतःच्या गतीपेक्षा ती इतकी वेगवान असल्यामुळे धक्का खाली पोचवण्याआधीच फळीची दिशा बदललेली असते, आणि चेंडू तो गिळून टाकतो. भीतीपोटी चाळीस चेंडू घातले तर प्रत्येकावर भार कमी पडतो, ते दबत नाहीत आणि फळी कडक होते. फार कमी घातले तर चेंडू पुरते चेपतात आणि मग त्यांच्यात स्प्रिंग उरत नाही.

आमची पहिली चूक चेंडूंतच झाली. बहिणीने कोपऱ्यावरच्या दुकानातून क्रिकेटचे जड टेनिस बॉल आणले. गल्लीत आणि स्पर्धांत खेळतात तेच, जाड रबराचे. दिसायला तसेच, पण अंगठ्याने दाबले तर जेमतेम हलतात. त्यांच्यावर फळी दगडासारखी बसली. टेनिस कोर्टावर खेळून झालेले चेंडू स्वस्तात मिळतात, ते चालतात. मात्र सगळे साधारण सारख्या वयाचे हवेत, नाहीतर फळी एका बाजूला कलते. वर्षा-दीड वर्षाने एकेक काढून दाबून पाहावा आणि जो बसला असेल तो बदलावा.

फळी तयार झाल्यावर मी भाचीला सांगितलं, की आता कौल आपण द्यायचा नाही, काकूंनी द्यायचा. फोनवरची डेसिबल मोजणारी ॲप अशा खोल धक्क्याला फारशी कामाची नसतात. फोनचा माइक बोलण्यासाठी असतो, छातीत जाणवणारं त्याला नीट कळत नाही. काकूंना वेळ विचारून मी त्यांच्या झोपायच्या खोलीत पंखा बंद करून बसलो. वर भाचीने आम्ही ठरवलेल्या क्रमाने वाजवलं: मिनिटभर फक्त बास ड्रम, मिनिटभर फक्त स्नेअर, मग डाव्या पायाने हाय-हॅटचं पेडल, आणि शेवटी सगळं मिळून ठेका. एकेक वेगळं वाजवल्याशिवाय कुठून काय येतंय ते ओळखता येत नाही.

स्नेअर अजिबात ऐकू आला नाही. हाय-हॅटचा पायही नाही. बास ड्रम मात्र येत होता, पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी, पण स्पष्ट. माझा हिशोब चुकला असं मला वाटलं. वर जाऊन एक पोस्टकार्ड घेतलं आणि वरच्या फळीच्या चारी कडांनी फिरवलं. तीन बाजूंनी ते मोकळं सरकलं, चौथ्या बाजूला अडकलं. फळी कपाटाला टेकली होती. चेंडूंनी अडवलेला सगळा धक्का कपाटातून भिंतीत आणि भिंतीतून खाली जात होता. फळी दोन बोटं पुढे ओढली. हेडफोनची आणि वीजपुरवठ्याची वायरही ताणलेली होती, ती सैल सोडली. दुसऱ्यांदा काकूंकडे बसलो तेव्हा पंखा बंद असताना अगदी लक्ष दिलं तर भिंतीपलीकडे कुणी उशी झटकतंय इतपत येत होतं. पंखा लावल्यावर तेही गेलं. काकू म्हणाल्या, "दुपारी तीननंतर वाजव, तोवर काका उठलेले असतात." तेवढं पुरेसं होतं. कायद्याने निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि दिवसा ५५, पण शेजारी रोज भेटणारा असतो, त्याच्याशी वेळ ठरवलेली बरी.

हेडफोनबद्दल दोन गोष्टी. पहिली, ब्लूटूथ नको. त्यात आवाज पोचायला सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढा उशीर होऊ शकतो. मिनिटाला १२० च्या लयीत एका मात्रेचा चौथा भाग सेकंदाच्या आठव्या भागाएवढाच असतो. म्हणजे हात पडल्यावर आवाज पुढच्या ठोक्याच्या जागी येतो आणि शिकणाऱ्याला आपलीच लय बिघडलीय असं वाटत राहतं. वायरचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्यावेत. दुसरी, बाहेर शांतता असल्यामुळे आवाज वाढवत नेण्याचा मोह फार होतो. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पण दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, ९४ ला ती तासाभरावर येते. सराव संपवून हेडफोन काढल्यावर कानात बारीक शिट्टी वाजली किंवा घरातली बोलणी बोळे घातल्यासारखी वाटली, तर त्या दिवशी आवाज जास्त होता. दुसऱ्या दिवशी नॉब तिथून खाली.

पुष्कळदा आवाज वाढवला जातो कारण किटच हळू ठोका ऐकत नाही. मॉड्यूलमध्ये प्रत्येक पॅडची संवेदनशीलता ठरवता येते आणि विकत घेतल्यावर ती क्वचितच कुणी पाहतं. स्टिक दोन इंचांवरून, मग सहा इंचांवरून, मग फूटभरावरून सैल सोडून पाहावी. तीन वेगळे आवाज यायला हवेत, हळू, मध्यम, मोठा. दोन इंचांचा ऐकूच आला नाही तर संवेदनशीलता वाढवा. सहा इंचांवरच सगळ्यात मोठा आवाज आला तर कमी करा. हे केल्यापासून भाची आपोआप हळू वाजवू लागली, कारण जोरात मारायची गरज उरली नाही. तेवढ्याने घरातली टकटकही उतरली.

किट जे शिकवू शकत नाही ते मी तिला आधीच सांगून ठेवलं. खऱ्या सेटवर झांजा फार मोठ्या वाजतात. इलेक्ट्रॉनिक किटवर हाय-हॅट जास्त वाटला की आपण नॉब फिरवून कमी करतो आणि हात जोरातच पडत राहतो. म्हणून मॉड्यूलमध्ये सगळ्या पॅडांचा आवाज समान ठेवायचा आणि तोल हातानेच आणायचा, उजवा हात हलका, डावा भारी. जाळीवरची उसळी खऱ्या स्नेअरपेक्षा जास्त असते, म्हणून स्नेअरची जाळी ड्रमच्या किल्लीने समोरासमोरचे स्क्रू पाळीपाळीने फिरवून जरा ढिली ठेवायची, आणि आठवड्यातले दोन दिवस परत रबरी पॅडवर काढायचे.

तीन महिन्यांनी आम्ही तासाच्या भाड्यावर एक जॅम रूम घेतली. तिथल्या खऱ्या बास ड्रमवर तिचा पहिला ठोका पडला आणि तिने पाय तसाच बीटरवर दाबून धरला, किटवर तसं केलं तरी आवाजात काही फरक पडत नव्हता. इथे मात्र ड्रम घुसमटला. मी तिला ठोका मारून बीटर लगेच मागे सोडायला सांगितलं. दहाव्या-बाराव्या प्रयत्नाला पोटात घुमणारा भरलेला आवाज आला. आता ती महिन्यातून दोनदा तिथे जाते, आणि घरी फळीवर बसून टाच खाली ठेवून बीटर सोडण्याचाच सराव करते, दुपारी तीननंतर.